मध्यरात्रीच्या गाडीची सरासरी वेळ

रात्री बाराच्या सुमारास एका थांब्यावर येणारी लांब पल्ल्याची बस घेऊ. नोंदवहीत सहा रात्रींच्या वेळा आहेत: २३:४०, २३:५२, २३:५८, ००:०५, ००:१०, ००:२५. गाडी साधारण कधी येते हे थांब्यावरचा चहावालाही सांगेल, बाराच्या आगेमागे. याच वेळा एक्सेलमध्ये भरून AVERAGE लावला तर उत्तर येतं दुपारचे बारा वाजून एक मिनिट चाळीस सेकंद. भर दुपारी, जेव्हा ही गाडी दुसऱ्याच जिल्ह्यात उभी असते.

एक्सेलने बेरीज-भागाकार अचूक केला आहे. मध्यरात्रीपासूनची मिनिटं मोजली तर पहिल्या तीन वेळा १४२०, १४३२, १४३८ होतात आणि पुढच्या तीन ५, १०, २५. बेरीज ४३३०, भागिले सहा, म्हणजे ७२१ मिनिटं ४० सेकंद. गडबड त्याआधीच झालेली आहे. २३:५८ आणि ००:०५ यांच्यात सात मिनिटांचं अंतर आहे, पण आकड्यांच्या सरळ रेषेवर ते १४३३ मिनिटांचं दिसतं. मध्यगा घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर तेही नाही. या सहा आकड्यांची मध्यगा १२:०२:३० येते, तीही दुपारचीच.

तरी हे उदाहरण सोपं म्हणायचं, कारण उत्तर इतकं हास्यास्पद आहे की कुणीही थांबून बघेल. खरा घात होतो तो जेमतेम एखादी नोंद बारा ओलांडते तेव्हा. समजा महिन्यातल्या २९ रात्री गाडी २३:४० ला आली आणि एका रात्री अर्धा तास उशिरा, ००:१० ला. खरी सरासरी २३:४१. AVERAGE सांगतो २२:५३. हा आकडा पाहून कुणी दचकत नाही. अहवालात तो निमूटपणे जातो, आणि त्यावरून कुणी ठरवतं की गाडी बरीच लवकर पोचते आहे, वेळापत्रक आवळायला हरकत नाही. ज्या एका रात्री गाडीला उशीर झाला, त्याच रात्रीने सरासरी ४८ मिनिटं लवकरची करून ठेवली आहे.

या चुकीचं माप अगदी नेमकं आहे. बारा ओलांडणारी प्रत्येक नोंद बेरजेतून १४४० मिनिटं खाते, म्हणून सरासरी १४४० भागिले एकूण नोंदी इतकी मागे सरकते. तीस नोंदींत एक ओलांडली तर ४८ मिनिटं, दोन ओलांडल्या तर ९६. सहांत तीन ओलांडल्या तर बरोबर बारा तास, म्हणून वरचं उत्तर दुपारचं आलं. हे लक्षात असलं की जुन्या अहवालातली अशी चूक ओळखता येते. सरासरीशेजारी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी वेळ छापून बघावी. त्या ००:१० आणि २३:४० अशा दिवसाच्या दोन टोकांना असतील, तर सरासरीवर विश्वास ठेवू नये. प्रमाण विचलनही बोलतं. या तीस रात्रींचं साधं प्रमाण विचलन सव्वाचार तासांच्या जवळ येतं, आणि प्रत्यक्षात गाडी अर्ध्या तासापलीकडे कधी हललेलीच नाही.

मुळात दिवस मध्यरात्री कापायचा हा केवळ एक ठराव आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे रात्री दीडला आलेली गाडी पंचांगाच्या हिशेबाने आदल्याच वाराची. खगोलशास्त्रज्ञांची अडचण तर हुबेहूब आपल्यासारखी होती. एकाच रात्रीची निरीक्षणं दोन तारखांत विभागली जाऊ नयेत म्हणून ते आपला दिवस दुपारी बाराला सुरू करत, आणि ही पद्धत १९२५ च्या सुरुवातीपर्यंत अधिकृतपणे चालू होती. त्यांची सलग दिवसमोजणी, म्हणजे ज्युलियन दिवस, आजही दुपारीच बदलते.

आपल्या बसलाही हाच उपाय पुरतो. दुपारी बाराला शून्य धरा. २३:४० म्हणजे ७०० मिनिटं, ००:२५ म्हणजे ७४५. सहाही आकडे शेजारी शेजारी येतात, सरासरी ७२१ मिनिटं ४० सेकंद निघते, आणि दुपारी बारापासून ती मोजली की ००:०१:४०. हे करायला साइन-कोसाइन लागत नाही. सगळ्या नोंदी दिवसाच्या एका भागात दाटलेल्या असतील आणि मधला मोठा तुकडा अगदी रिकामा असेल, तर त्या रिकाम्या तुकड्यात दिवस कापावा आणि साधी सरासरी घ्यावी. मला हाच मार्ग पहिल्यांदा बघावासा वाटतो, कारण तो कुणालाही तोंडी समजावता येतो.

अडचण अशी की दिवस कुठे कापायचा हे आधी ठाऊक असावं लागतं. एका गाडीसाठी ते नजरेने ठरतं. दोनशे थांबे आणि प्रत्येकी चाळीस गाड्या असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी जागा कोण शोधणार? शिवाय कुठल्याही तासाला तुरळक का होईना नोंदी असतील, तर रिकामा तुकडाच नसतो, आणि कापायची जागा दोन तास इकडेतिकडे केली की उत्तर बदलतं. कुठेही न कापता सरासरी काढता यावी, ही खरी गरज आहे.

त्यासाठी वेळ रेषेवरून उचलून वर्तुळावर ठेवायची. सायकलचं चाक उलटं टांगून मोकळं फिरू द्या, त्याच्या कडेवर चोवीस तासांच्या खुणा करा, आणि प्रत्येक नोंदीसाठी त्या त्या खुणेवर एकसारखं छोटं वजन चिकटवा. चाक सोडलं की हेलकावे खात एका जागी थांबेल, आणि जी खूण तळाला येईल ती सरासरी वेळ. चाकाला मध्यरात्रीची काही पर्वा नाही. त्याला फक्त जड बाजू कळते. हिला वर्तुळाकार सरासरी म्हणतात, आणि पुढचं सगळं गणित म्हणजे त्या वजनांचा गुरुत्वमध्य शोधणं.

चोवीस तास म्हणजे ३६० अंश, म्हणून एक तास १५ अंश आणि एक मिनिट पाव अंश. भिंतीवरच्या घड्याळाच्या सवयीने इथे तासाला ३० अंश धरले जातात. तसं केलं की रात्रीचे ००:०५ आणि दुपारचे १२:०५ एकाच खुणेवर बसतात आणि चूक कुठेच दिसत नाही. तासाला ३० अंश तेव्हाच, जेव्हा खरोखर बारा तासांचं चक्र मोजायचं असतं.

आपल्या सहा वेळांचे कोन, मध्यरात्रीला शून्य धरून, असे: उणे ५, उणे २, उणे अर्धा, मग सव्वा, अडीच आणि सव्वासहा अंश. २३:४० चा कोन ३५५ लिहिला काय आणि उणे ५ लिहिला काय, साइन आणि कोसाइन तेच येतात. सगळी खुबी इथेच आहे. कोनाची किंमत कुठेतरी उडी मारते, पण त्याची साइन-कोसाइन मारत नाहीत. सहा साइनची बेरीज ०.०४३५ येते आणि सहा कोसाइनची ५.९८८४. दोन्हींना सहाने भागलं की गुरुत्वमध्य मिळतो: ०.००७२५ आणि ०.९९८०७. केंद्रापासून त्याच्याकडे जाणाऱ्या रेषेचा कोन ०.४१६४ अंश. पाव अंशाला एक मिनिट, म्हणून १.६६६ मिनिटं, म्हणजे ००:०१:४०. दुपारी कापून काढलेलं उत्तर सेकंदापर्यंत जुळलं. नोंदी अशा दाट असल्या की दोन्ही पद्धती जुळतातच; विरळ झाल्या की कशा फाटतात ते पुढे येईल.

एक्सेल वेळेला दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतं, त्यामुळे अंशांची गरजच पडत नाही. वेळेला दोन पायने गुणलं की थेट रेडियन मिळतात, आणि SIN, COS ना रेडियनच हवे असतात. वेळा A2 ते A31 मध्ये असतील तर चार सूत्रं पुरतात:

```
C1: =SUMPRODUCT((A2:A31<>"")*COS(2*PI()*A2:A31))
C2: =SUMPRODUCT((A2:A31<>"")*SIN(2*PI()*A2:A31))
C3: =MOD(ATAN2(C1,C2)/(2*PI()),1)
C4: =SQRT(C1^2+C2^2)/COUNT(A2:A31)
```

C3 ला वेळेचा फॉरमॅट द्यायचा. खान्यात वेळेसोबत तारीख असली तरी चालतं, कारण तारीख म्हणजे पूर्णांक, आणि पूर्णांकाइतके फेरे मारून चाकावरची खूण बदलत नाही.

या चार ओळींत चुका व्हायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली ATAN2 मधला क्रम. एक्सेल, गुगल शीट्स आणि लिबरऑफिसमध्ये कोसाइनची बेरीज आधी लिहायची. पायथन, सी आणि बहुतेक डेटाबेसमध्ये साइनची आधी. सूत्र एकीकडून दुसरीकडे उचललं की हा क्रम उलटतो. उलटल्यावर ००:०१:४० च्या जागी ०५:५८:२० येतं, म्हणजे बरोबर सहातून खरं उत्तर वजा केलेलं. रात्री बाराची गाडी सकाळी सहाच्या आसपास दिसू लागली की आधी इथे बघावं.

दुसरी, ATAN2 ऐवजी साधा ATAN वापरणं. त्याला फक्त भागाकार दिसतो आणि चिन्हं हरवतात, म्हणून दुपारी एकची सरासरी तो पहाटे एक अशी देतो. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या पट्ट्यातलं प्रत्येक उत्तर बारा तासांनी चुकतं. मध्यरात्रीच्या गाडीवर मात्र ते निर्धोक चालतं. सूत्र लिहिणारा मध्यरात्रीच्याच नोंदींवर तपासतो, खूश होतो, आणि तेच सूत्र दिवसाच्या गाड्यांना लावलं जातं. चाचणीला म्हणून १३:०० च्या आसपासच्या चार वेळाही टाकून बघाव्यात.

MOD गाळला तर सरासरी बाराच्या अलीकडची असताना उत्तर उणे येतं आणि वेळेचा फॉरमॅट दिलेल्या खान्यात नुसत्या ##### दिसतात. ही चूक निदान ओरडून सांगते. प्रोग्रामिंगच्या भाषांत मात्र एक फरक ध्यानात ठेवावा: पायथनचा % उणे संख्येवरही धन उत्तर देतो, जावास्क्रिप्ट आणि सी तसं करत नाहीत. तिथे आधी चोवीस मिळवून मग बाकी काढायची.

सर्वांत लबाड चूक रिकाम्या खान्यांची. AVERAGE रिकामे खाने सोडून देतो, पण COS सोडत नाही. त्याच्या लेखी रिकामा खाना म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे ठीक मध्यरात्र. वरच्या सूत्रातला (A2:A31<>"") हा तुकडा त्यासाठीच आहे. तो नसेल तर ज्या रात्री कुणी नोंदच केली नाही, त्या प्रत्येक रात्री गाडी बाराच्या ठोक्याला आली असं गणित धरतं. बाराच्या गाडीत हे दिसतही नाही, उलट गाडी अधिकच नियमित भासते. पकड C4 मध्ये आहे. सहा नोंदी आणि दोन रिकामे खाने असतील तर कोसाइनची बेरीज ५.९९ ऐवजी ७.९९ होते, COUNT मात्र सहाच मोजतो, आणि C4 १.३३ दाखवतो. हा आकडा एकाच्या वर जाणं अशक्य आहे. गेला, तर रिकामे खाने मोजले गेले आहेत.

पायथनमध्ये सायपाय वापरणाऱ्यांना हे सगळं तयार मिळतं:

```python
from scipy.stats import circmean, circstd
t = [23+40/60, 23+52/60, 23+58/60, 5/60, 10/60, 25/60]
circmean(t, high=24, low=0)
circstd(t, high=24, low=0)
```

इथे high=24 विसरायचं नाही. विसरलं तर फंक्शन तासांना रेडियन समजतं आणि शून्य ते ६.२८ मधला कुठलातरी अर्थहीन आकडा देतं, तोही तासासारखाच दिसणारा.

आता C4 कडे. पुस्तकं त्याला R म्हणतात: केंद्रापासून गुरुत्वमध्य किती दूर गेला ते. सगळी वजनं एकाच खुणेवर असतील तर R एक, आणि चाक सगळीकडून सारखंच जड असेल तर शून्य. आपल्या सहा रात्रींचा R आहे ०.९९८१. सरासरीइतकाच हा आकडा महत्त्वाचा, आणि तो न छापता नुसती वर्तुळाकार सरासरी देणाऱ्या अहवालाला मी अर्धवटच म्हणेन.

पण R वाचायला सवय लागते, कारण त्याची मोजपट्टी फसवी आहे. ०.९ ऐकल्यावर नोंदी घट्ट असतील असं वाटतं. प्रत्यक्षात सहा तासांच्या पट्ट्यात समान पसरलेल्या नोंदींचाही R ०.९० येतो. तीन तासांत पसरल्या तर ०.९७, आणि अर्ध्या दिवसावर पसरल्या तरी ०.६४. म्हणजे बससारख्या गोष्टीत ०.९९ च्या खाली गेलं की विचारपूस सुरू करावी. आकडा मिनिटांत हवा असेल तर R चा नैसर्गिक लॉग घ्या, त्याला उणे दोनने गुणा आणि वर्गमूळ काढा. रेडियनमधलं वर्तुळाकार प्रमाण विचलन मिळतं. त्याला १४४० ने गुणून दोन पायने भागलं की मिनिटं. आपल्या गाडीसाठी ही १४.१५ मिनिटं येतात. दुपारी कापून साध्या रीतीने काढलेलं प्रमाण विचलनही १४.१५ च येतं. मध्यरात्री कापून काढलं तर ७०८ मिनिटं.

R शून्याजवळ असेल तर सरासरी वेळ अस्तित्वातच नसते. चाक कुठेही थांबेल. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा दोनच नोंदी घ्या. पायथनमध्ये math.pi/2 आणि 3*math.pi/2 यांच्या साइनची बेरीज शून्य येते, पण कोसाइनची बेरीज नेमकी शून्य न येता उणे ०.०००…०१२ अशी, दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यांनंतरची, येते. ही गणिताची नव्हे, संगणकाच्या अपुऱ्या अंकांची धूळ आहे. तरी atan2 तिच्यावरून ठामपणे ३.१४१६ रेडियन सांगतो, म्हणजे दुपारचे बारा. ना तक्रार, ना इशारा. त्यामुळे कुठल्याही प्रणालीत सरासरी छापण्याआधी R ची अट घालावी आणि ती पुरी झाली नाही तर खाना रिकामा ठेवावा.

अट कुठे घालायची याला एक जुनी, सोपी कसोटी आहे, रेलींच्या नावाची. नोंदींची संख्या गुणिले R चा वर्ग. हा गुणाकार तीनच्या वर गेला तर निव्वळ योगायोगाने नोंदी एका बाजूला इतक्या झुकण्याची शक्यता साधारण पाच टक्क्यांच्या खाली. चाळीस नोंदी आणि R ०.२ असेल तर गुणाकार १.६ येतो. इतका झुकाव दिवसभर कशाही विखुरलेल्या चाळीस नोंदींतही पाचांत एकदा दिसू शकतो, तेव्हा अशी सरासरी छापू नये. ही कसोटी समोरासमोरच्या दोन गर्दींना मात्र आंधळी आहे. सकाळी सहाची आणि संध्याकाळी सहाची गर्दी कितीही ठसठशीत असो, ती म्हणेल की इथे काही नाही. त्याला उपाय एकच: आधी तासांप्रमाणे स्तंभालेख काढून डोळ्यांनी बघावं. दोन उंचवटे दिसले तर दोन वेगळ्या सरासऱ्या काढाव्यात.

या विषयाची पाळंमुळं बसमध्ये नाहीत. रिचर्ड फॉन मिझेस यांनी १९१८ मध्ये वर्तुळावरचं वितरण मांडलं ते अणुभार पूर्णांकांपासून किती ढळतात हे तपासायला. पुढे मुंबई विद्यापीठात शिकलेले आणि लीड्समध्ये दीर्घकाळ प्राध्यापक असलेले कांती मर्दिया यांनी १९७२ च्या ग्रंथात दिशांच्या आकडेवारीचं सगळं शास्त्र एकत्र बांधलं. वाऱ्याची दिशा मोजणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही. ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, आणि उत्तरेचा वारा दक्षिणेचा होऊन बसतो.

वाऱ्याला जे अगदी चपखल बसतं ते बसला नेहमीच बसतं असं नाही. पाच रात्री गाडी ठीक बाराला आली आणि सहाव्या रात्री घाटात दरड कोसळून सकाळी सहाला. साधी सरासरी एक तास उशीर सांगते: सहा तास भागिले सहा. वर्तुळाकार सरासरी सांगते ००:४५. पंधरा मिनिटं कुठे गेली? सहाव्या वजनाचं चाकावरचं स्थान पाहा. ते काटकोनात आहे, आणि तिथून तळाला ओढण्याची त्याची ताकद सरळ अंतराच्या मानाने कमी पडते. आता ती गाडी आणखी उशिरा, दुपारी बाराला आली असं धरा. बारा तास उशीर. वर्तुळाकार सरासरी येते ठीक ००:००. सर्वांत मोठ्या उशिराने सरासरी काडीचीही हलली नाही, कारण ते वजन चाकाच्या बरोबर वरच्या टोकाला बसलं आणि ना डावीकडे ओढतं ना उजवीकडे. फक्त R एकवरून ०.६७ वर घसरला. उशीर सहा तासांच्या पुढे वाढत गेला की त्या वजनाची बाजूची ओढ कमी कमी होत जाते, आणि बारा तासांपलीकडे ही सरासरी गाडीला लवकर आलेली मानते.

सूत्राचा यात दोष नाही. त्याला दिलेलं आहे ते घड्याळ, आणि घड्याळाला बारा तास उशीर आणि बारा तास घाई यांतला फरक कळत नाही. म्हणून आधी विचारायचं असतं की हवी आहे ती दिवसातली वेळ की उशीर. रातपाळीच्या पहारेकऱ्याला दिवा कधी लावायचा, गर्दी कुठल्या तासाला लोटते, पक्षी कुठल्या प्रहरी बोलतात, अशा प्रश्नांत वेळ चाकावरच असते आणि वर्तुळाकार सरासरी हीच खरी. वेळापत्रकाशी तुलना असेल तर चाक हवंच कशाला? प्रत्येक रात्रीचा उशीर मिनिटांत काढावा आणि त्याची साधी सरासरी घ्यावी. ठरलेली वेळ २३:५० असेल तर आपल्या सहा रात्रींचे उशीर उणे १०, २, ८, १५, २०, ३५ मिनिटं. सरासरी ११ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे पुन्हा ००:०१:४०, आणि दरडीची रात्र आली तर तिचे सहाही तास पूर्ण मोजले जातात.

उशीर काढतानाही बाराची मेख आहेच. ००:१० मधून २३:५० वजा केले तर उणे १४२० मिनिटं येतात. तारीख नोंदलेली असेल तर तारखेसकट वजाबाकी करावी, प्रश्नच मिटतो. तारीख नसेल तर A मध्ये आलेली वेळ आणि B मध्ये ठरलेली वेळ धरून:

```
=(MOD(A2-B2+0.5,1)-0.5)*1440
```

हे सूत्र उशीर उणे बारा ते अधिक बारा तासांत बसवतं. गाडी तेरा तास उशिरा आली तर ते अकरा तास लवकर म्हणेल. बसला हे क्वचित लागतं. उत्तरेत दाट धुक्याच्या दिवसांत अडकलेल्या रेल्वेला लागू शकतं, तिथे तारखेविना गत्यंतर नाही.

महिन्याचे आकडे जोडून वर्षाची सरासरी काढायची असेल तर दर महिन्याची वर्तुळाकार सरासरी साठवून भागत नाही, कारण सरासऱ्यांची सरासरी घेताना विखुरलेला महिना आणि घट्ट महिना सारखेच मोजले जातात. C1, C2 आणि नोंदींची संख्या असे तीन आकडे साठवावेत. वर्षाअखेरीस तिन्हींची नुसती बेरीज करायची आणि मग एकदाच ATAN2.

नोंदवही आपल्याच हातात असेल तर यातलं बरंचसं टाळता येतं. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं देण्याघेण्याचं जीटीएफएस नावाचं स्वरूप आहे. त्यात मध्यरात्रीनंतरची वेळ चोवीसच्या पुढे मोजतात: आदल्या दिवसाच्या फेरीची गाडी ००:२५ ला येणार असेल तर 24:25:00. वेळ मोजायला सुरुवात कुठून, तर सेवेच्या दिवशीच्या दुपारी बारातून बारा तास वजा करून. वाक्य विचित्र वाटतं, पण ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढेमागे करतात तिथे मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत अकरा किंवा तेरा तासही होऊ शकतात, म्हणून दुपारचा आधार. भारतात त्याची चिंता नाही. एक्सेलमध्ये 24:05, 24:10, 24:25 असं सरळ टाइप करता येतं. खान्याचा फॉरमॅट [h]:mm:ss ठेवायचा, नाहीतर ते पुन्हा ००:०५ दिसू लागतात. मग त्या सहा रात्रींवर साधा AVERAGE लावला की उत्तर 24:01:40 येतं.